पाढ्यांच्या चालीवरची जर्मन

नागपूरच्या लकडगंजात आरा मशीनच्या डोक्यावर जर्मन भाषेचा क्लास काढायची कल्पना ज्यांना सुचली, ते आमचे संचालक. खाली सागाचे ओंडके चिरले जातात आणि वर आम्ही भाषा शिकवतो. खिडकी उघडली की भुसा आत, लावली की जीव गुदमरतो. संचालकांनी आधी कॉम्प्युटर क्लास काढून पाहिला, मग मुलांना मण्यांवर गणितं शिकवली, आणि जर्मनीत नर्स हव्या आहेत असं कानावर पडल्याबरोबर बाहेरची पाटी बदलली. स्वतः त्यांना जर्मनमधलं 'गुटन मॉर्गन' तेवढं येतं. ते संध्याकाळीही तेच म्हणतात.

मी तिथे शिकवते. भाषा मला येते, जागा माझ्याकडे नाही. त्यांच्याकडे जागा आहे, बाकी काही नाही. आमचं जमतं ते एवढ्यावरच.

आमच्याकडे येतात त्या बहुतेक नर्स. कोणी काटोलहून बसने येते, कोणी सावनेरहून, कोणी रात्रपाळी संपवून डोळे चोळत थेट हॉस्पिटलमधून. जर्मनीला जायचं तर बी-टू नावाची पातळी गाठावी लागते. वाचणं, ऐकणं, लिहिणं आणि बोलणं असे तिचे चार भाग, आणि चारही वेगवेगळे पास व्हावे लागतात. पहिल्या तीन भागांत आमच्या पोरी तरून जातात. घोकायची सवय आपल्याकडे दुधातूनच मिळते. चौथ्या भागात समोर जिवंत माणूस बसलेला असतो, आणि जिवंत माणसाला काय घोकून ठेवणार?

एके दिवशी संचालक वर आले ते हातात भलामोठा स्पीकर घेऊन. लग्नाच्या वरातीत शोभला असता असा.

"मॅडम," म्हणाले, "आता आपल्या क्लासमधी शॅडोइंग सुरू करून राहिलो आपण."

कुठला तरी व्हिडिओ पाहून आले होते. मला आनंदच झाला, कारण शॅडोइंग ही खरोखर कामाची गोष्ट आहे. ज्याची ती मातृभाषा आहे, अशा माणसाचं बोलणं कानात लावायचं आणि त्याच्या मागोमाग, अगदी किंचित मागे राहून, तेच मोठ्याने बोलत जायचं. तो थांबेपर्यंत आपणही थांबायचं नाही. तो जिथे जोर देतो तिथे जोर द्यायचा, तो जे गिळतो ते गिळायचं. डोक्यात वाक्य जुळवत बसायला वेळच मिळत नाही, त्यामुळे भाषेची चाल आधी तोंडात बसते आणि वेग मागून येतो. आपली मराठी प्रत्येक अक्षराला जवळजवळ सारखा मान देते. जर्मन तसं करत नाही. ती शब्दातलं एक अक्षर ठोकते आणि बाकीची घाईघाईत उरकते. हे फळ्यावर लिहून शिकवता येत नाही, मी पुष्कळ लिहून पाहिलंय.

पण आमच्या संचालकांनी काय केलं, तर तो स्पीकर टेबलावर ठेवला, जर्मन बातम्या लावल्या आणि सगळ्या वर्गाला उभं करून सांगितलं, "चला, सगळ्यांनी मोठ्यानं, एकसाथ!"

आता बातम्या म्हणजे लिहिलेला मजकूर वाचून दाखवणं. त्यात कोणी विचार करत नाही, कोणी अडत नाही, कोणी कोणाला उत्तर देत नाही. लांबलचक वाक्यं, मंत्र्यांची नावं, व्यापार करार आणि वर वेग असा की दमछाक व्हावी. आमच्या पोरींना त्यातलं निम्मंसुद्धा कळत नव्हतं. न कळणाऱ्या बोलण्यामागे बोलत सुटलं की तोंडातून नुसता आवाज निघतो, भाषा नाही. बरं, एकटीने केलं असतं तर निदान स्वतःचं चुकलेलं स्वतःला ऐकू तरी आलं असतं. इथे सगळ्या मिळून! पुढच्या रांगेतल्या दोघी-तिघी खणखणीत बोलायच्या आणि बाकीच्या त्यांच्या आवाजावर तरंगायच्या. मागच्यांमुळे पुढच्या रेंगाळायच्या, मग सगळ्या एका ठेक्यावर यायच्या, आणि तो ठेका कोणाचा? 'बे एके बे, बे दुणे चार'चा. जिल्हा परिषदेच्या शाळेत ज्या चालीवर पाढे म्हटले, त्याच चालीवर आमची पलटण जर्मन सरकारच्या बातम्या म्हणत होती. प्रत्येक ओळीच्या शेवटी हेल काढून.

"बाप्पा, काय दणका आहे!" संचालक खूश. त्यांनी मोबाइलवर शूटिंग काढलं.

मी म्हटलं, "सर, हे शॅडोइंग नाही, हे पाढे आहेत."

"मॅडम, तुम्ही निगेटिव्ह काहून बोलून राहिल्या? पोरींचा कॉन्फिडन्स पाहा ना."

कॉन्फिडन्स होता, यात वादच नाही. घोळक्यात प्रत्येकाला असतो.

मी वर्गाला सांगितलं, घरी करा, एकेकटीने करा, आपापला ऑडिओ निवडा. निवडला त्यांनी. एका पोराने फुटबॉलची कॉमेंट्री निवडली आणि पंधरवड्यात साधा 'नमस्कार'सुद्धा गोल झाल्यासारखा ओरडायला लागला. काटोलच्या एका पोरीला एक संथ, गोड आवाज सापडला, सगळं अगदी स्पष्ट कळायचं. ते झोप लागावी म्हणून केलेलं ध्यानाचं रेकॉर्डिंग होतं. ती बोलायला लागली की समोरच्याचे डोळे जड व्हायचे, आणि तिला वाटायचं की आपलं फार शांतपणे जमतंय. एकीने परीकथा घेतल्या. त्या परीकथांतली क्रियापदं आज कोणी बोलताना वापरत नाही, आणि वर मागून सतत बासरी. एका शहाण्याने गाणी घेतली, कारण त्याला 'रिदम' हवा होता. गाण्यात स्वर सुरासाठी ताणतात आणि जोर तालावर पडतो. तो पोरगा रस्ता विचारतानाही आळवून विचारायचा.

त्या बॅचमध्ये सावनेरची एक नर्स होती. मला या सगळ्यातून जे सांगायचंय ते तिचंच आहे.

नागपुरातल्या एका खासगी हॉस्पिटलात ती अतिदक्षता विभागात होती. वडील कोळसा खाणीतून रिटायर झालेले, घरात भाऊ, वहिनी, त्यांची पोरं. वाचणं, ऐकणं, लिहिणं तिने पहिल्याच फेरीत काढलं होतं. बोलण्यात दोनदा नापास. तिकडच्या हॉस्पिटलने तिच्यासाठी जागा धरून ठेवली होती, पण आता त्यांनी कळवलं होतं की पुढच्या परीक्षेत बोलणं सुटलं नाही तर जागा दुसरीला देऊ. तिसरी आणि शेवटची संधी. घरच्यांचाही धीर संपत आला होता. भाऊ म्हणायचा, जे होत नाही ते सोडून द्यावं. तिला सोडायचं नव्हतं. रात्रपाळीत एकटीच्या अंगावर किती गंभीर पेशंट टाकतात हे ती मला सांगायची आणि म्हणायची, "मॅडम, मले काम करायचं आहे, पण असं मरत-मरत नाही."

"नापास कशी झालीस?" मी विचारलं.

"एक शब्द आठवला नाही. मंग मी गप्प बसली. मंग समोरची बाई पाहून राहिली माझ्याकडे, मंग अजूनच गप्प."

"आणि दुसऱ्यांदा?"

"दुसऱ्यांदाही तसंच."

मी तिला वर्गात कधी अडताना पाहिलं नव्हतं. कोरसमध्ये ती तिसऱ्या रांगेत ताठ उभी असायची, ओठ अगदी बरोबर हलायचे. एकदा बातम्यांचा गजर चालू असताना मी सहज तिच्या शेजारी जाऊन उभी राहिले. कान जवळ नेला. काही नाही. बाईच्या तोंडातून आवाजच निघत नव्हता! कित्येक आठवडे ती नुसते ओठ हलवत होती, आणि संचालकांच्या शूटिंगमध्ये ती सगळ्यात जोरात बोलणारी दिसत होती.

मला तिचा नाही, त्या स्पीकरचा संताप आला.

"घरी तरी मोठ्याने करते का?" मी जिन्यात गाठून विचारलं.

"घरी कुठी करू मॅडम? वहिनी हसते. पोरं नकला करतात. शेजारची म्हणते, हे काय अंगात आल्यावाणी बडबडून राहिली. मी मनातल्या मनात करतो."

मनातल्या मनात! पोहायचं मनातल्या मनात कसं शिकणार? जीभ, ओठ, श्वास, यांनाच तर शिकवायचंय. मनाला सगळं येतंच होतं, तीन भाग त्यानेच पास केले होते.

मी तिला हाताला धरून खाली नेलं. आरा मशीनच्या मागे लाकडांची वखार आहे. करवत चालू असली की तिथे शेजारच्याचंही ऐकू येत नाही. मी तिच्या कानात ओरडले, "आता बोल! कोणी ऐकत नाही." तिने इअरफोन लावले आणि सुरुवातीला पुटपुटली. मी हात वर केला, अजून. करवत एका ओंडक्यात शिरली, कर्कश आवाज चढला, आणि त्या आवाजावर चढून ती ओरडायला लागली. काय बोलत होती ते देवालाच ठाऊक, पण पहिल्यांदा छाती भरून बोलत होती. गळ्याच्या शिरा दिसत होत्या. ओंडका संपला, करवत एकदम थांबली आणि तिचा जर्मन आवाज सगळ्या वखारीत घुमला. लाकडाचे मालक, म्हातारे शेठ, चष्मा कपाळावर चढवून बाहेर आले.

"मॅडम, हे पोरगी कोणाशी भांडून राहिली?"

"परीक्षेशी," मी म्हटलं.

लाज मोडायला ती करवत उत्तम होती. पण तिथेच रोज केलं असतं तर काडीचा उपयोग नव्हता, कारण त्यात तिला स्वतःचा आवाज ऐकू येत नव्हता. मागोमाग बोलायचं ते दोन आवाज एकाच वेळी ऐकण्यासाठी, समोरच्याचा आणि आपला. म्हणून मग मी तिला दुपारच्या सुट्टीत, करवत बंद असताना, जिन्यात बसवलं. इअरफोन एकाच कानात. दुसरा कान स्वतःसाठी.

राहिला प्रश्न ऑडिओचा. माझ्या मते शॅडोइंगचा निम्मा निकाल ऑडिओ निवडतानाच लागतो. तिला काय हवं होतं? जवळजवळ सगळं कळेल असं काहीतरी. एखादा शब्द अडला तर अडला, पण वाक्यावाक्याला धडपडायला नको. एक-दोन मिनिटांचा तुकडा, म्हणजे तोच पुन्हा पुन्हा करता येईल. एकच माणूस, स्वच्छ आवाज, मागे संगीत नको. वेग तिच्यापेक्षा थोडाच जास्त. सोबत शब्दन् शब्द लिहिलेला असावा. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे ते वाचलेलं नसावं, बोललेलं असावं. परीक्षेत तिला एखाद्या विषयावर मत मांडायचं होतं, कारणं द्यायची होती, समोरच्याला खोडून काढायचं होतं. मग ऐकायलाही तसंच माणूस हवं ना, मत असलेलं? बातम्या देणाऱ्या बाईला कसलंच मत नसतं.

माझी एक जुनी विद्यार्थिनी तिकडे उत्तरेकडच्या एका गावात नर्स आहे. तिच्या शेजारी एक म्हातारी राहते, तिचं बोलणं शुद्ध, स्थानिक बोलीचा फारसा हेल नाही. मी म्हटलं, तुझ्या शेजारणीला विचार, एखाद्या भांडणाबद्दल दोन मिनिटं बोलशील का म्हणून, आणि रेकॉर्ड करून पाठव. म्हातारी बोलली, आणि काय बोलली! नवऱ्याला भाजीपाल्याची बाग विकून टाकायची होती, गुडघे दुखतात म्हणून. हिला विकायची नव्हती. एकीकडे हे, दुसरीकडे ते, तो म्हणतो असं, पण मी म्हणते तसं. मधेच शब्द सापडेना तेव्हा 'ना या' म्हणाली, आपण 'आता काय' म्हणतो तसं. मग 'वी झोल इश दास झागन', म्हणजे 'कसं सांगू बरं'. एक वाक्य अर्ध्यावर सोडून तिने दुसरं धरलं. मागे कुठे घड्याळाची टिकटिकसुद्धा नव्हती. मला त्या बाईच्या पाया पडावंसं वाटलं.

मी ते रेकॉर्डिंग कागदावर उतरवून काढलं, तिच्या प्रत्येक 'अम्'सकट. संचालकांनी ते ऐकलं आणि तोंड वाकडं केलं.

"मॅडम, हे तर अडखळते. अशी बाई ऐकवून पोरगी काय शिकन? एखादी टॉपची ॲंकर घ्या ना."

"सर, अडखळणारीच पाहिजे."

"काहून?"

काहून! पोरीचं घोडं अडत होतं ते अडखळण्यावरच, आणि या माणसाला न अडखळणारी ॲंकर हवी होती. जर्मन माणूससुद्धा अडतो. फरक एवढाच की तो जर्मनमध्ये अडतो. शब्द सापडेपर्यंत तो आवाज चालू ठेवतो, समोरच्याला कळतं की हा अजून बोलतोय. आमची पोरगी अडली की मराठीत गप्प व्हायची. तिला बोलायला येत होतं, अडायला येत नव्हतं. हे सगळं मी त्यांना समजावून सांगितलं. ते मोबाइलमध्ये बघत 'हाव, हाव' म्हणाले आणि खाली चहा प्यायला गेले.

आम्ही जिन्यात काम सुरू केलं. आधी नुसतं ऐकायचं. मग कागद समोर ठेवून अर्थ लावायचा, जोर कुठे पडतो तिथे पेन्सिलीने खूण करायची. मग कागद पाहत हळू आवाजात मागोमाग, आणि मग कागद पालथा घालून मोठ्याने. पहिले काही दिवस ती मागे पडायची आणि चुकलेला शब्द धरायला परत जायची, तोवर म्हातारी तीन शब्द पुढे. "सोड वं त्याले," मी ओरडायची. "सुटला तो सुटला. पुढच्या शब्दावर चढ!" जिथे जमेनाच तिथे आम्ही रेकॉर्डिंगचा वेग थोडा कमी केला. फार नाही, फार कमी केला की बोलण्याची चालच मोडते आणि म्हातारी दारू प्यायल्यासारखी ऐकू येते. जमलं की लगेच मूळ वेगावर. मधूनमधून मी मोबाइलवर तिचा आवाज रेकॉर्ड करून म्हातारीच्या शेजारी लावून ऐकवायची. ती कानात बोटं घालायची.

"असं बोलतो का मी?"

"असंच बोलते. ऐक."

पाढ्यांचा हेल जाता जाईना. वाक्याच्या शेवटी आवाज वर जायचा, बे दाहे वीस झाल्यासारखा. तो काढायला जेवढा घाम गाळला तेवढ्यात दुसरी एखादी भाषा शिकवून झाली असती. आणि त्याच दिवसांत वरच्या मजल्यावर स्पीकर सुरूच होता. आम्ही खाली पुसायचो, ते वर पुन्हा गिरवायचे.

घरचा प्रश्न तिनेच सोडवला. खाणीतल्या यंत्रांनी तिच्या वडिलांचे कान कधीचेच नेले होते. संध्याकाळी ते अंगणात खाटेवर बसतात. ती त्यांच्या शेजारी बसून एका कानात म्हातारी लावायची आणि त्यांच्याकडे तोंड करून बोलायची. वहिनीला दुरून वाटायचं, लेक बापाशी काही बोलते आहे. बापालाही तसंच वाटायचं. ते मान डोलवायचे, 'हाव' म्हणायचे, 'मंग?' विचारायचे.

"मॅडम, बाबा 'मंग' म्हणाले की मले वाटते अजून बोलावं," ती म्हणाली. "मंग मी रेकॉर्डिंग बंद करतो अन् माह्याच मनाचं बोलतो. बाग काहून नाही विकायची ते सांगतो."

हे मी तिला सांगायच्या आधी तिने केलं. नुसतं मागोमाग बोलून कोणी बोलता होत नाही. चाल तोंडात बसली की त्या चालीत स्वतःचं काहीतरी घालावं लागतं. त्या म्हाताऱ्या बापाने एकही शब्द न कळता तिला जेवढं बोलतं केलं, तेवढं आमच्या स्पीकरने अख्ख्या बॅचला केलं नसेल. मला फार भरून आलं होतं त्या दिवशी, पण मी तिला 'शेवटचे स्वर गिळ' एवढंच म्हटलं.

परीक्षा पुण्याला. ती रात्रीच्या गाडीने गेली, सोबत कोणी नाही. जाण्यापूर्वी संचालकांनी तिला सल्ला दिला, "जोरात बोलजो, घाबरू नको, वर्गात बोलते तसंच बोलजो." वर्गात ती काय बोलत होती हे मला आणि तिलाच ठाऊक होतं. आम्ही एकमेकींकडे पाहिलं नाही.

परीक्षेच्या दुपारी माझा कशातच जीव लागेना. तासाला काय शिकवलं ते आठवत नाही. संध्याकाळी फोन आला, मागे स्टेशनचा गोंगाट.

"मॅडम, अडकली मी."

मी जिन्यातच बसले.

"वृद्धाश्रमात कुत्रे-मांजरी असावे का, असा विषय होता. 'ॲलर्जी' म्हणायचं होतं, तो शब्द तर आपलाच आहे ना, तोही नाही आठवला. डोकं पुरं रिकामं."

"मग?"

"मंग काय, 'ना या' म्हटलं. मंग 'कसं सांगू बरं' म्हटलं, तिच्यावाणीच. समोरच्या बाईनं मान डोलवली. मले वाटलं बाबाच बसले आहेत. मंग म्हटलं, काही लोकांले मांजर जवळ आलं की शिंका येतात. झालं. अडकली मॅडम, पण गप्प नाही बसली."

मी रडले, सांगायला लाज कसली. खाली शेठ चष्मा वर करून बघत होते.

निकाल आला, पास झाली. जागा तिची राहिली. विमानतळावर तिचे वडील आले होते. ती काही सांगत होती आणि ते 'हाव, हाव' म्हणत होते, आणि या वेळी ती मराठीत बोलत होती तरी त्यांना ऐकू येत नव्हतं.

ती गेल्याच्या दुसऱ्या आठवड्यात क्लासच्या बाहेर तिच्या फोटोचा फ्लेक्स लागला. तिच्या मागे विमान, शेजारी संचालक हात जोडून. खाली लिहिलेलं: 'आमच्या सामूहिक शॅडोइंग पद्धतीचे यश.' मी तो वाचला, पुन्हा वाचला. करवतीखाली द्यावासा वाटला, पण फ्लेक्स लाकडाचा नसतो.

जिना चढले तर वरून कोरस ऐकू येत होता. नवी बॅच. बातम्या नव्हत्या. ओळखीचा आवाज होता, माझ्या म्हातारीचा. क्लासच्या कॉम्प्युटरवरून संचालकांनी रेकॉर्डिंग उचललं होतं. "मॅडम, तुमचंच ऐकलं आम्ही," ते दारातच म्हणाले, "अडखळणारी घेतली." आणि त्यांच्यामागे पूर्ण वर्ग ताठ उभा राहून, एका सुरात, हेल काढून म्हणत होता, 'ना याऽऽ', 'वी झोल इश दास झागऽऽन'. कोणालाच काही शब्द अडलेला नव्हता. सगळ्या मिळून ठेक्यात अडखळत होत्या. बे एके बे.

मी आधी हसले. हसता हसता खोकला लागेपर्यंत हसले. मग रांगांमधून चालत गेले, सवयीने, कान लावत. मागच्या भिंतीशी एक मुलगी उभी होती, नवीनच आलेली, अजून तिचं गावही मला माहीत नव्हतं. ओठ अगदी बरोबर हलत होते. मी जवळ गेले. आवाज नव्हता.

मी तिचा हात धरला. खाली करवत सुरू झाली होती.

"चाल वं," मी म्हटलं, "खाली चाल. तुले आधी ओरडाले शिकवतो."